सगळं पुन्हा दगडासारखं झालंय, मग ठेवायचं की टाकायचं?

प्रश्न: डीप फ्रीझर २०० लिटरचा, आडवा, वरून झाकण असलेला, पाऊण भरलेला. शनिवारी दुपारी ३ ला वादळात लाईट गेली, ती सोमवारी पहाटे ५ ला आली. मध्ये रविवारी दुपारी दोनदा झाकण उघडलं. आज सोमवारी संध्याकाळी ७ ला बघते तर सगळं पुन्हा दगडासारखं. पण ट्रेमधल्या बर्फाचे खडे चिकटून एक गोळा झालाय आणि आईस्क्रीम डब्यात चपटं बसलंय. तळाला चिकन आणि सुरमईच्या तुकड्या, वर बांगडे, कोळंबी, खवलेला नारळ, वाटप, खवा, मटार, ओले काजूगर, आमरस. सासूबाई म्हणतात वास येत नाही, धुऊन शिजवलं की झालं. मिस्टर म्हणतात सगळं टाकून दे. एवढा माल टाकवत नाही हो. काय करू?

उत्तर:

ताई, आता माल कडक आहे यावरून काहीच ठरवू नका. लाईट येऊन चौदा तास झाले की नासलेलं पुडकंसुद्धा दगड होतं. गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि गप्प बसायच्या आधी त्यांनी जे करून ठेवलंय ते तसंच राहतं. ठरवायचं आहे ते एवढंच की त्या अडतीस तासांत कोणतं पुडकं किती गरम झालं आणि तसं किती वेळ राहिलं. ते कोणी पाहिलेलं नाही. पण मालाकडून ते बरंचसं काढून घेता येतं, आणि मासे, मटण, दुधाचे पदार्थ यांच्या बाबतीत जिथे काढता येणार नाही तिथे टाकायचं.

मी बावीस वर्षं हर्णैच्या लिलावातून मासळी घेते, साफ करून तुकड्या करते, गोठवते आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पोचवते. आमच्या भागात पावसाळ्यात लाईट जाणं नवं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर दापोलीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा दोन फ्रीझर भरलेले होते माझे. त्यामुळे तुमचं "टाकवत नाही" मला चांगलं कळतं.

आधी फ्रीझर गरम कसा होतो ते समजून घ्या, बाकीचं सगळं त्यावरून सुटतं. चालू फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. लाईट गेली की उणे १८ पासून उणे २ पर्यंत माल तसा लवकर चढतो. तिथे पोचल्यावर मात्र तो अडतो. माशातलं, चिकनमधलं पाणी वितळायला लागतं, आणि बर्फाचं पाणी व्हायला प्रचंड उष्णता लागते. एक किलो मासा उणे १८ वरून उणे २ वर आणायला जेवढी उष्णता लागते, त्याहून जास्त उष्णता तोच मासा त्याच जागी पूर्ण वितळवायला लागते. म्हणून लाईट नसलेल्या फ्रीझरचा बहुतेक वेळ शून्याच्या आसपासच जातो. बोट दाबलं तर पुडकं मऊ लागतं, कडेला पाणी सुटलेलं असतं, पण पोटात बर्फ असतो. अशा पुडक्याचं मधलं तापमान शून्याच्या जवळच असतं आणि ते सुरक्षित असतं. शेवटचा बर्फ संपला की मग मात्र तापमान सरसर वर जातं. चार-पाच अंशांच्या वर गेलं की जंतूंचं काम जोरात सुरू होतं, आणि मांस, मासे, दूध, शिजवलेलं अन्न तसं दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर ते खायचं नाही. ही दोन तासांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी सांगतात, मीही पाळते.

म्हणजे प्रत्येक पुडक्याला एकच प्रश्न विचारायचा: लाईट आली तेव्हा तुझ्या पोटात बर्फ शिल्लक होता का?

आता तास बघू. सगळीकडे वाचायला मिळतं की झाकण न उघडता गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो आणि अर्धा भरलेला २४ तास. हे आकडे खोटे नाहीत. पण ते अमेरिकेतल्या घरांना धरून आहेत, जिथे घरात वीस-बावीस अंश असतात. आपल्याकडे वादळाच्या दिवसांत, पंखा बंद असताना, माजघरात बत्तीस-तेहतीस अंश सहज असतात. आतला माल शून्यावर आणि बाहेर बावीस, त्याऐवजी बाहेर तेहतीस, म्हणजे उष्णता दीडपट वेगाने आत येणार. म्हणून मी घरच्या हिशेबाला ४८ चे ३२ आणि २४ चे १६ धरते. तुमचा पाऊण भरलेला, म्हणजे चोवीस-पंचवीस तास. अडतीस तास त्याच्या बरेच पुढे आहेत, आणि दोनदा झाकणही उघडलंय. तेव्हा "काही झालं नसेल" हे धरून चालू नका.

पण "सगळंच गेलं" असंही नाही. आडव्या फ्रीझरचा एक मोठा फायदा आहे. गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती तळाशीच बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायाशी सांडते. त्यामुळे तुमच्याकडे वरचा थर आधी वितळला असणार आणि तळाचा मध्यभाग सगळ्यात शेवटी. चिकन आणि सुरमई तळाला आहेत हे तुमचं नशीब. खवा, नारळ, बांगडे वर आहेत हे वाईट.

तुम्ही सांगितलेल्या दोन खुणांपैकी आईस्क्रीमची खूण फसवी आहे. आईस्क्रीममध्ये साखर भरपूर, म्हणून ते शून्याच्या बरंच खालीच मऊ पडतं. ते चपटं झालं यावरून एवढंच कळतं की आतली थंडी कमी झाली. बाकीचा माल बिघडला असं त्यावरून ठरत नाही. (आईस्क्रीम मात्र टाका. एकदा विरघळून परत गोठलेलं आईस्क्रीम मी पोरांना देत नाही.) बर्फाच्या ट्रेची खूण जास्त कामाची. ती नीट बघा. खड्यांचा आकार ओळखू येतोय, कडा गोल झाल्यात आणि ते एकमेकांना चिकटलेत, की ट्रेमध्ये सपाट लादी झालीये? आकार ओळखू येत असेल तर त्या जागी बर्फ होता, म्हणजे तापमान शून्याच्या फार वर गेलेलं नाही. सपाट लादी असेल तर तिथला बर्फ पूर्ण संपला होता. मग त्या उंचीवरच्या सगळ्या मालाकडे संशयाने बघायचं.

आणखी एक साक्ष तुम्ही न सांगता दिली आहे. तुम्ही म्हणता "सगळं पुन्हा दगडासारखं". २०० लिटरचा घरगुती फ्रीझर चोवीस तासांत सहा ते नऊ किलो माल धड गोठवू शकतो, जास्त नाही. चौदा तासांत चार-पाच किलो. पाऊण भरलेल्या तुमच्या फ्रीझरमध्ये माझ्या अंदाजाने साठेक किलो तरी माल असेल. तो सगळा पूर्ण वितळला असता तर आज संध्याकाळी तुम्हाला दगड सापडले नसते, वरून कडक आणि आतून लगदा अशी पुडकी सापडली असती. म्हणून तळाचा बराचसा माल वितळलाच नसावा असं मला वाटतं. पण "वाटतं" यावर चिकन कोणी खाऊ नये, तपासून बघा.

तपासायला स्वेटर विणायची लोखंडी सुई किंवा कबाबची सळी घ्या. मोठ्या पुडक्याच्या मधोमध, सगळ्यात जाड जागी, जोर देऊन खुपसा. फ्रीझरच्या भिंतीला टेकलेल्या बाजूने नाही हं. थंड करणाऱ्या नळ्या भिंतीत असतात, ती बाजू आधी कडक होते आणि फसवते. दोन-अडीच किलोच्या गठ्ठ्यात सुई बोटभरही जात नसेल तर पोटातला बर्फ कधी गेलाच नव्हता, कारण एवढा गठ्ठा वितळून परत आतपर्यंत दगड व्हायला चौदा तास पुरत नाहीत. सुई वरची कडक खपली फोडून आत भुसकन गेली, तर तो गठ्ठा पूर्ण वितळला होता आणि आता बाहेरून आत गोठत येतोय. प्रत्येक पुडक्यानंतर सुई उकळत्या पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर एकाची घाण दुसऱ्यात जाईल.

लहान पुडक्यांवर ही युक्ती चालत नाही, पाव किलोचं पुडकं रातोरात परत कडक होतं. तिथे पिशवीचा आकार बघा. मटार सुटे गोठवलेले होते ना? सुटे असतील, हलवले की खुळखुळत असतील, तर ते वितळलेच नाहीत. एकच ढेकूळ झालं असेल तर वितळले. कोळंबीच्या पिशवीत एका कोपऱ्यात गुलाबी-राखट पाण्याचा बर्फ साठलाय का? सुरमईच्या तुकड्या सपाट रचल्या होत्या आणि आता खालच्या पुडक्याच्या खाचेत वाकून बसल्यात का? गोठलेला तुकडा कधी वाकत नाही. वाकलाय म्हणजे मऊ झाला होता. आणि फ्रीझरचा तळ हाताने चाचपा. लालसर बर्फाची चकती सापडली तर कुठल्यातरी पुडक्यातून रक्त-पाणी गळून खाली आलंय. ज्या पिशव्यांवर ते पडलं असेल आणि ज्यांचं तोंड नीट बंद नसेल, त्या आत काहीही असो, टाका.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा अनुभव कमी लेखत नाही मी, पण तो ताज्या मासळीचा अनुभव आहे, तिथे वास खरंच सांगतो. गोठलेल्या मालाला वास नसतोच, आणि आजारी पाडणारे कित्येक जंतू वास येईल असं काही करतही नाहीत. शिजवण्याचं म्हणाल तर चिकनमधले जंतू नीट शिजवल्यावर मरतात, हे खरं. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळून, तळून जात नाही. खवा, शिजवलेला भात आणि बांगडा ही त्याची आपल्या घरातली ठळक उदाहरणं.

बांगड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यात माझ्याच घरी फसगत झाली होती. पंधराएक वर्षांपूर्वी, आषाढात एका रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. फ्रीझरच्या वरच्या थरात आमच्या घरच्यासाठी ठेवलेले सहा-सात बांगडे होते, पोट न काढता तसेच टाकलेले, घाईत. मऊ झाले होते, परत कडक झाले. चार दिवसांनी मी ते काढले, वास घेतला, काही नाही. डोळे जरा बसलेले, बाकी ठीक. मसाला लावून कडक तळले. आमचे हे पहिला घास घेऊन म्हणाले, "मिरी जास्त पडली का गं?" मी मिरी घातलीच नव्हती. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लालभडक झाला, कान तापले, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली, मानेवर पित्त उठल्यासारखे चट्टे. मी घाबरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, यांना आधी कधी बांगडा बाधलाय? जन्मभर बांगडा खाल्लेला माणूस! मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मासा मध्ये गरम राहिला होता का?

झालेलं असं होतं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा एक घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की त्याच्या कल्ल्यातले आणि पोटातले जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जी आल्यावर आपल्या अंगात जे सुटतं तेच हे. मासा तळा, उकळा, परत गोठवा, एकदा तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. वास किंवा रंगावरून ते कळत नाही. जिभेवर मिरीसारखी चुणचुण हीच काय ती खूण, आणि तीही नेहमी येते असं नाही. पापलेटात हा घटक कमी, म्हणून पापलेटाला हा धोका तेवढा नाही, पण बाकी जंतूंचे नियम त्यालाही आहेतच.

म्हणून तुमच्या वरच्या थरातले बांगडे टाका. तपासत बसू नका. पोटं न काढलेले असतील तर दोन मिनिटंही विचार करू नका. ट्रेमध्ये खड्यांचा आकार शाबूत असेल आणि बांगडे अगदी ट्रेला लागून होते, तर ते वाचले असण्याची शक्यता आहे हे मला मान्य आहे. तरी मी टाकले असते. सहा बांगड्यांची किंमत ती काय.

सुरमईही त्याच घराण्यातली, म्हणून तिलाही हाच कडक नियम, पण ती तळाला आहे आणि तुकड्या करून ठेवलेली आहे. पोट, कल्ले आधीच गेलेले असतात तेव्हा जंतूंचा मोठा साठाही गेलेला असतो. सुई लावा. आतपर्यंत कडक, तुकड्या सपाट, पिशवीत साठलेला बर्फ नाही, अशी सुरमई ठेवा. वाकलेल्या किंवा आतून मऊ निघालेल्या टाका. कोळंबी वरची, सोललेली, लहान पुडकी. ती लवकर वितळते आणि लवकर बिघडते. गुलाबी पाण्याचा कोपरा दिसला तर टाका.

चिकन तळाला असेल आणि सुई जात नसेल तर बेलाशक ठेवा. फक्त त्याची जागा बदलू नका, तळालाच राहू द्या. चिकन वर आणि बाकी माल खाली असं कधीच नको, पुढच्या वेळी ते गळलं तर सगळ्यावर गळेल.

खवा टाका. दूध, पनीर, लोणी काढायला साठवलेली साय, सगळं त्याच रांगेत. शिजवलेला भात, पुलाव, बिर्याणी ठेवली असेल तर तीही. यावर चर्चा नको.

खवलेल्या नारळाशी मला वेळ घालवायचा आहे, कारण कोकणी घरात तोच जास्त असतो आणि तोच टाकवत नाही. नारळाला आपण दाण्या-डाळींसारखा सुका माल समजतो. ओला नारळ तसा नाही. त्यात पाणी आहे, गोडवा आहे, तेल आहे, आणि खवताना हात, विळी, परात सगळं त्याला लागलेलं असतं. खवलेला नारळ मी दुधाच्या हिशेबाने धरते. वितळला आणि गरम राहिला असेल तर गेला. आंबूस वास किंवा गुलाबी छटा आली तर बोलायलाच नको, पण ती यायच्या आधीही तो बिघडलेला असू शकतो. भाजलेल्या वाटपाचं काहीजणींना वाटतं की भाजलंय, मसाला आहे, टिकेल. भाजून झाल्यावर त्यात पाणी घालून आपण ते मिक्सरला वाटलं, तिथेच ते टिकाऊ राहिलं नाही. वाटप म्हणजे शिजवलेलं अन्न. पुडकी लहान असणार, वर होती, त्यामुळे मी टाकेन. सुकं, पाणी न घालता भाजून ठेवलेलं खोबरं असेल तर त्याला काही होत नाही.

मटार ढेकूळ झाले असतील तर भाजीपाल्याला जरा मुभा असते, पाच अंशांच्या वर सहा तासांपर्यंत. पण वरच्या थरात किती तास गेले ते आपल्याला माहीत नाही, म्हणून बर्फाची लादी झालेली असेल तर टाका, खडे शाबूत असतील तर उद्याच्या उसळीत संपवा. ओल्या काजूगरांनाही हेच. ते महाग असतात म्हणून त्यांना वेगळा नियम लावू नका, चिकट झाले असतील तर उचला आणि टाका.

आमरस मात्र बहुतेक वाचतो. आंब्याला आंबटपणा असतो, साखर असते, आणि आजारी पाडणाऱ्या जंतूंना ते फारसं मानवत नाही. आमरस बिघडतो तो आंबून, आणि आंबलेला आमरस लपत नाही. पिशवी फुगलेली, झाकण टच्च, वर फेस, दारूसारखा वास. यातलं काही नसेल तर ठेवा, चव आणि रंग थोडा उतरेल एवढंच. दूध घालून ठेवलेला रस असेल तर तो आमरस नाही, दूध समजा. कोकमाचं आगळ, आमसुलं, सुकट, सोडे, रवा, पोह्याचे पापड असलं काही फ्रीझरमध्ये कोंबून ठेवलं असेल तर ते बिनदिक्कत ठेवा. फक्त ओलं झालं असेल तर वाळवा.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. सासूबाई ऐंशीच्या असतील, घरात लहान मूल असेल, कोणी गरोदर असेल, कोणाला मधुमेह किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर वर जिथे जिथे मी "कदाचित" म्हटलंय तिथे "टाका" वाचा. धडधाकट माणसाला एक दिवस जुलाब होऊन जातील ते यांना दवाखान्यात नेऊ शकतं. आणि माल विकायचा असेल, घरगुती ऑर्डर घेत असाल, तर संशयातला एकही तुकडा गिऱ्हाइकाला देऊ नका. निसर्ग वादळाच्या वेळी मी ४ जूनला संध्याकाळी एकदाच दोन्ही फ्रीझर उघडले, तेव्हा अजून पुडक्यांत बर्फ होता. त्याच रात्री चुलीवर मोठ्या पातेल्यांत सुरमईचं कालवण आणि चिकन शिजवलं, वाडीतल्या सगळ्यांना बोलावून संपवलं. उरलेल्यावर पाणी सोडलं. गिऱ्हाइकांचे पैसे परत दिले. तो हिशेब अजून वहीत आहे.

ठेवायचा ठरवलेला माल आता तसाच कडक ठेवा, मुद्दाम वितळवून परत गोठवू नका. कडा मऊ झालेल्या पण आत बर्फ असलेल्या पुडक्यांवर आजची तारीख घाला आणि दोन-तीन आठवड्यांत वापरा. एकदा अर्धवट वितळून परत गोठलेल्या मासळीतून पाणी जास्त सुटतं, तुकडी तव्यावर विस्कटते. ती तळायला न घेता कालवणात घाला. वितळवायची ती ओट्यावर नाही, खालच्या फ्रीजच्या कप्प्यात, रात्रभर. आणि हो, तुमच्या नेहमीच्या फ्रीजमधलं तुम्ही विचारलं नाहीत, पण फ्रीज दार न उघडता चार तास धरतो. अडतीस तासांनंतर तिथलं दूध, अंडी, चिरलेल्या आणि शिजवलेल्या भाज्या, उरलेलं कालवण सगळं टाकायचं. लोणचं, जॅम, सॉस राहू द्या.

टाकायचा माल उघड्या उकिरड्यावर फेकू नका, कुत्री-मांजरं खाऊन आजारी पडतात आणि दोन दिवसांनी आख्ख्या वाडीला वास. विहिरीपासून लांब, माडाच्या बुंध्यापासून चार हातांवर, हातभर खोल खड्डा खणून पुरा. वर चुलीतली राख टाका. मग फ्रीझर रिकामा करून कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुसा, पूर्ण कोरडा करा आणि मगच माल परत भरा. भरताना सगळा एकदम कोंबू नका. पुडकी भिंतीला टेकवून, मध्ये हवा खेळेल अशी ठेवा.

पुढच्या वेळेसाठी दोनच गोष्टी करा. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा आणि तो पेला फ्रीझरमध्ये वरच्या थरात ठेवून द्या. दुसरा तसाच तळाशी. लाईट जाऊन आली की नाणं कुठे आहे ते बघायचं. वरच असेल तर त्या जागी काही झालेलं नाही. अर्ध्यावर असेल तर थोडं वितळलं पण बर्फ संपला नव्हता. तळाला गेलं असेल तर पेल्यातला बर्फ संपला होता, आणि पुढे किती वेळ गरम होतं ते नाणं सांगत नाही, हे विसरू नका. दुसरं म्हणजे फ्रीझरमध्ये रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, गळ्यापर्यंत न भरता. त्यांनी तास वाढतात, आणि लाईट गेल्यावर दोन बाटल्या काढून दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवता येतात. लाईट गेली की झाकणावर गोधडी टाका, मात्र लाईट आली की लगेच काढा, नाहीतर मोटर तापते. आणि रविवारी दुपारी "बघू तरी काय झालंय" म्हणून झाकण उघडायचं नाही.

आता आधी बर्फाची ट्रे बघा, मग सुई घेऊन सुरमईच्या सगळ्यात जाड गठ्ठ्यापासून सुरुवात करा. सुई किती आत गेली आणि ट्रेमध्ये खडे होते की लादी, एवढं इथे लिहा. मग कोळंबी आणि मटारांचं मी नक्की सांगते. बांगड्यांचा खड्डा तोवर खणून घ्या.